कोथरूडचा २ बीएचके भाड्याने द्यायचाय: स्लाइड तपासून द्याल का?

प्रसाद_को

नमस्कार मंडळी. कोथरूडमधला २ बीएचके भाड्याने द्यायचा आहे. एजंट न लावता थेट द्यायचा विचार आहे, म्हणून इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकण्यासाठी ९ स्लाइडचं कॅरसेल केलंय. टाकण्याआधी जाणकारांच्या नजरेखालून जावं असं वाटतं. मजकूर खाली देतोय.

स्लाइड १: इमारतीचा फोटो, त्यावर "प्रशस्त २ बीएचके! कोथरूडच्या मध्यवस्तीत! फक्त फॅमिली!"
स्लाइड २ ते ५: हॉल, दोन्ही बेडरूम, किचन.
स्लाइड ६: वैशिष्ट्यं. ८५० स्क्वेअर फूट, लिफ्ट, २४ तास पाणी, सोलर, पाइपगॅस, कव्हर्ड पार्किंग, मेट्रोजवळ, भरपूर उजेड, शांत परिसर, वास्तूप्रमाणे, अशा एकूण १४ गोष्टी.
स्लाइड ७: भाडं २८,००० + मेंटेनन्स. डिपॉझिट १ लाख. निगोशिएबल.
स्लाइड ८: ११ नियम.
स्लाइड ९: पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबर, माझा आणि बायकोचा मोबाइल.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत ७-८ मिनिटं. सोसायटीचं मेंटेनन्स महिन्याला २,४०० येतं आणि फ्लॅट भाड्याने दिला की वर ५०० नॉन-ऑक्युपन्सी लावतात. करार ११ महिन्यांचा करेन. काय बदलू?

---

शमा_डी

मजकुराचं इतर लोक सांगतील, मी मांडणीचं सांगते.

इन्स्टावर पहिल्या स्लाइडचा जो आकार असतो त्याच आकारात बाकीच्या सगळ्या कापल्या जातात. पहिली उभी आणि पुढचे हॉलचे फोटो आडवे असतील, तर हॉलच्या दोन्ही बाजू उडतात आणि नेमकी खिडकी किंवा बाल्कनीचं दार फोटोबाहेर जातं. म्हणून सगळ्या स्लाइड आधीच १०८० बाय १३५० पिक्सेलच्या करून घ्या. आडवा फोटो उभ्या चौकटीत वरच्या बाजूला बसवा आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यात खोलीचं माप लिहा. फोटो ताणून भरू नका.

दुसरं, व्हॉट्सअॅपवर तुमचं कॅरसेल कॅरसेल राहत नाही. लोक त्यातली एकच स्लाइड पुढे पाठवतात, बहुतेक वेळा हॉलचा फोटो. ज्याला ती मिळते त्याला भाडं, भाग, नंबर काहीच कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एक बारीक पट्टी: "कोथरूड, आनंदनगर मेट्रोजवळ · २ बीएचके · २८,००० · व्हॉट्सअॅप नंबर · ३/९". स्लाइडचा क्रमांकही हवाच. ग्रुपमध्ये फोटो मागेपुढे उतरतात, आणि ३/९ लिहिलेलं दिसलं की पाहणाऱ्याला कळतं, अजून सहा आहेत.

अक्षरं मोठी घ्या. १०८० रुंदीच्या स्लाइडवर ४० पिक्सेलपेक्षा लहान देवनागरी फॉरवर्ड होता होता फुटते, आधी मात्रा आणि अनुस्वार जातात. १४ वैशिष्ट्यं एका स्लाइडवर ४० पिक्सेलमध्ये मावत नाहीत. म्हणजे ती १४ नकोतच.

---

पौड_रोडवाला

फ्लॅट अजून आहे का? ३ जणांना हवाय, आयटीत आहोत. भाडं २५ होईल का?

---

मृणाल_करारवाली

प्रसादजी, भाडेकराराचीच कामं करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी एक गोष्ट. स्लाइडवर जे लिहाल आणि करारात जे येईल ते शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. लोक जाहिरातीकडे नुसतं आमंत्रण म्हणून बघतात. पण भाडेकरू स्क्रीनशॉट ठेवतो आणि चार महिन्यांनी "तुम्ही तर कव्हर्ड पार्किंग लिहिलं होतं" म्हणून तोच पुढे करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. अशा वेळी त्याच्या हातात तुमचीच स्लाइड असली तर तुमच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नाही.

आता तुमच्या स्लाइड ६ वर येते. "८५० स्क्वेअर फूट" हे कार्पेट आहे का बिल्टअप? दुसऱ्या मजल्यावरच्या साध्या २ बीएचकेला ८५० बिल्टअप असेल तर कार्पेट साडेसहाशेच्या आसपास निघतं. बघायला येणारा माणूस हॉलमध्ये उभा राहिला की त्याला फरक डोळ्यांनी दिसतो, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. इंडेक्स टू किंवा खरेदीखत काढा, त्यातला कार्पेटचा आकडा लिहा आणि "कार्पेट" हा शब्द लिहा.

"२४ तास पाणी" हेही तसंच. महापालिकेचं पाणी २४ तास येतं, का टाकीमुळे नळाला २४ तास असतं? उन्हाळ्यात टँकर येतो का, आणि आला तर त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का वेगळे काढतात? कोथरूडमध्ये भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. "नळाला २४ तास, सोसायटीची टाकी. उन्हाळ्यात टँकर लागला तर खर्च मालकाचा" असं वाक्य लिहिलंत तर पाच फोन वाचतील.

सोलरचं पाणी कोणत्या नळांना आहे? बऱ्याच इमारतींत ते एकाच बाथरूमला असतं आणि सकाळी साडेनऊनंतर कोमट होतं. दुसऱ्या बाथरूमला गीझर असेल तर तो किती लिटरचा आहे तेही लिहा.

---

गिरगावकर

एवढं कशाला? ११ महिन्यांचा करार असेल तर रजिस्ट्रेशन लागतच नाही, म्हणून तर सगळे ११ महिन्यांचा करतात. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाका. आणि डिपॉझिट जपून हो, नव्या कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. २८ चं दुप्पट ५६. तुम्ही १ लाख लिहिलंय, कोणी तक्रार केली तर महागात पडेल.

---

मृणाल_करारवाली

गिरगावकर, ११ महिन्यांची पद्धत का पडली ते तुमचं बरोबर आहे. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक ११ महिन्यांवर थांबतात. पण महाराष्ट्रात कलम ५५ वेगळं आहे. इथे ११ महिने असो की ३, लीव्ह अँड लायसन्स नोंदवावंच लागतं. न नोंदवल्यास मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरीने नोंदणीची गरज भागत नाही.

दोन महिन्यांची मर्यादा आहे ती केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात. तो राज्यांनी स्वीकारायचा असतो आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे डिपॉझिटला कायद्याचा वरचा आकडा नाही, बाजारच ठरवतो. पुण्यात दोन ते चार महिने चालतं. १ लाख म्हणजे साडेतीन महिने, त्यात वावगं काही नाही.

खर्चाचा हिशोबही सांगते, कारण भाडेकरू तो विचारतो आणि मालकाला सांगता येत नाही. स्टॅम्प ड्यूटी ०.२५ टक्के. कशावर? एकूण भाडं, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज. तुमचं भाडं ११ महिन्यांचं ३,०८,०००. १ लाखावर ११ महिन्यांचं व्याज साधारण ९,१६७. बेरीज ३,१७,१६७, त्याचा ०.२५ टक्का म्हणजे ७९३, समजा ८००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर ऑनलाइन हाताळणीचे पैसे आणि एजंटकडून करून घेतलंत तर त्याची घरी येण्याची फी. हा खर्च कोण भरणार ते स्लाइडवर एका ओळीत लिहा. "करारखर्च अर्धा-अर्धा" एवढं पुरतं.

---

भाडेकरू_रोहित

भाडेकरूच्या बाजूने लिहितो. "२८,००० + मेंटेनन्स" वाचलं की मी पुढची स्लाइड बघत नाही, कारण अधिकच्या पुढे काय आहे ते माहीत नसतं. दीड हजारही असू शकतं आणि साडेचारही. त्यात फोन केला की मालक म्हणतो "सोसायटीचे अजून थोडे आहेत". आम्ही महिन्याला एकूण किती जाणार ते बघतो. एकच आकडा लिहा.

"निगोशिएबल" लिहिलं की सगळे पहिल्या मेसेजमध्येच तीन हजार कमी करून विचारतात. वरचे पौड_रोडवाला बघा ना.

---

पौड_रोडवाला

मग शेवटचं काय? २६?

---

प्रसाद_को

@पौड_रोडवाला, इथे फक्त स्लाइड तपासून घेतोय. जाहिरात टाकली की तुम्हाला कळवेन, तिथे बोलू.

रोहित, पटलं. पण मेंटेनन्स मी भाड्यात धरलं तर भाडं ३१ हजार दिसेल. शेजारच्या इमारतीतले लोक २८ लिहितात. मग माझ्याकडे कोण येणार?

---

सोसायटी_सेक्रेटरी_नाना

प्रसाद, तू ३१ म्हणतोयस ते २८,००० + २,४०० + ५००, बरोबर? त्यातल्या ५०० ला आधी हात घाल.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मनाला येईल तेवढे लावता येत नाहीत. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सोसायटीच्या सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतात. पूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के नव्हे, फक्त सेवा शुल्काच्या. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, सफाई, ऑफिसचा पगार, जिन्यातले दिवे, असले खर्च. महापालिकेचा कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती फंड हे त्यात धरत नाहीत.

तुझं बिल काढ आणि रकाने बघ. समजा २,४०० पैकी सेवा शुल्काच्या रकान्यात १,५०० आहेत. मग जास्तीत जास्त १५० लागतील, ५०० नाही. पत्र लिही, सोबत बिलाची झेरॉक्स जोड आणि हिशोब दाखव. बऱ्याच कमिट्यांना हे ठाऊकच नसतं. जुना आकडा पुढे चालत आलेला असतो, पत्र आल्यावर दुरुस्त करतात. नाही केला तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आणखी एक. आदर्श उपविधीप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. ८ दिवस आधी लेखी कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याचा पुरावा द्यायचा. स्लाइडवर "सोसायटीच्या परवानगीनंतर" असलं काही लिहू नकोस, त्याने भाडेकरू उगाच बिचकतो.

---

मृणाल_करारवाली

नानांचा हिशोब धरला तर रोहितच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: २८,००० + २,४०० + १५० = ३०,५५०. आता दोन वाटा आहेत.

एक, स्लाइडवर "महिन्याला एकूण ३०,५००, मेंटेनन्स धरून. वीज आणि गॅस मीटरप्रमाणे वेगळे" असं लिहायचं आणि करारातही ३०,५०० हेच भाडं टाकायचं. फायदा असा की सोसायटीचं बिल तुम्ही भरता, त्यामुळे थकबाकीचा प्रश्न येत नाही. भाडेकरूने मेंटेनन्स भरायचं ठरलं आणि त्याने पाच महिने भरलं नाही, तर सोसायटी तुमच्या मागे लागते. त्याच्या मागे लागत नाही, कारण सभासद तुम्ही असता.

दुसरी वाट म्हणजे भाडं २८,००० आणि मेंटेनन्स २,५५० वेगळं, पण दोन्ही आकडे आणि त्यांची बेरीज एकाच स्लाइडवर, बेरीज सर्वांत मोठ्या अक्षरात. शेजारच्यांशी तुलना करणाऱ्याला २८ दिसतं आणि फसवणूकही होत नाही.

मी पहिली वाट घेईन. कोणती घ्यायची ते तुम्ही बघा, पण "+ मेंटेनन्स" असं मोघम ठेवू नका.

डिपॉझिटच्या ओळीतही अर्धी गोष्ट राहिलीय. किती घेणार ते लिहिलंत, परत कधी देणार ते लिहिलं नाहीत. "चावी परत मिळाल्यापासून १५ दिवसांत, वीज-गॅसची शेवटची बिलं आणि मोडतोड वजा करून" असं लिहा. रंगाचे पैसे कापायचा बेत असेल तर आत्ताच लिहा. डिपॉझिटवरून होणारे बरेच वाद रंगावरून होतात, कारण तो शब्द जाताना पहिल्यांदा निघतो.

---

दुबईकर_पुणेकर

माझाही फ्लॅट बाणेरला आहे आणि मी इकडे असतो. मला पण असंच कॅरसेल करायचंय. भाडेकरू माझ्या एनआरओ खात्यात पूर्ण भाडं भरतो, मग मी स्लाइडवर वेगळं काही लिहायची गरज आहे का?

---

मृणाल_करारवाली

दुबईकर, तुमचा विषय वेगळा आहे, पण स्लाइडशी त्याचा संबंध आहे. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूला त्यातून कर कापावा लागतो, साधारणपणे ३१.२ टक्के. त्यासाठी त्याला टॅन काढावा लागतो आणि कापलेला कर भरावा लागतो. त्याने नाही कापला तर जबाबदारी त्याच्यावर येते. बहुतेक पगारदार भाडेकरूंना हे नको असतं किंवा ठाऊकच नसतं, आणि करार करायच्या दिवशी कळलं की सौदा मोडतो. म्हणून "मालक अनिवासी भारतीय" हे स्लाइडवर लिहाच. करारावर तुमच्या वतीने सही कोण करणार, म्हणजे कुलमुखत्यार कोणाकडे आहे, तेही आधी ठरवा. पूर्ण भाडं मिळतंय ते आत्ता सोयीचं वाटत असलं तरी तुमच्या सीएशी बोला.

बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे प्रसादजींचं राहून जाईल.

---

शमा_डी

फोटोंबद्दल लिहायचं राहिलं होतं.

मोबाइलच्या ०.५ कॅमेऱ्याने काढलेले फोटो वापरू नका. १० बाय ११ ची बेडरूम त्यात १५ फुटांची दिसते, कडेचं कपाट तिरकं होतं आणि माणूस बघायला आला की दारातच थबकतो. १ वर ठेवा, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा, मोबाइल छातीच्या उंचीवर आणि सरळ धरा, म्हणजे भिंती उभ्या दिसतील. सकाळी दहा-अकराला पडदे उघडून आणि दिवे लावून काढा.

क्रम घरात शिरल्यासारखा ठेवा: दार उघडल्यावर दिसतो तो हॉल, मग किचन, बेडरूम, बाथरूम, बाल्कनी, शेवटी पार्किंगची जागा. तुमच्या यादीत बाथरूम नाहीये. ज्या खोलीचा फोटो नसतो तिच्यात काहीतरी लपवलंय असंच लोक धरून चालतात. किचनचा फोटो ओट्यासमोरून काढा, त्यात सिंक, चिमणीची जागा, फिल्टरचा नळ आणि फ्रिजचा प्लग दिसू दे. भाडेकरू फ्रिज कुठे बसेल ते फोटोतच मोजतो.

काय येऊ देऊ नये तेही सांगते: दारावरची नावाची पाटी, वीज बिल, घरातल्यांचे फोटो, आणि चाव्या. चावीच्या स्पष्ट फोटोवरून डुप्लिकेट करता येते.

---

निलांबरी_जे

मला नियमांच्या स्लाइडबद्दल बोलायचंय. प्रसाद, ते ११ नियम इथे टाकाल का? "फक्त फॅमिली" पहिल्याच स्लाइडवर तीन उद्गारचिन्हांसह आहे, ते मला खटकलं. दोन बहिणी एकत्र राहणार असतील तर त्या फॅमिली का नाही? माझ्या मैत्रिणीला केवळ अविवाहित म्हणून कोथरूडात चार ठिकाणी नकार मिळाला.

---

प्रसाद_को

नियम असे: १. फक्त फॅमिली. २. फक्त शाकाहारी. ३. पाळीव प्राणी नाहीत. ४. भिंतींना खिळे नाहीत. ५. रात्री ११ नंतर पाहुणे नाहीत. ६. भाडं ५ तारखेपर्यंत. ७. पोटभाडेकरू नाही. ८. धूम्रपान नाही. ९. मोठ्या आवाजात गाणी नाहीत. १०. लॉक-इन ६ महिने. ११. सोसायटीचे सर्व नियम बंधनकारक.

फॅमिलीचं म्हणाल तर ती माझ्यापेक्षा सोसायटीची अट आहे. कमिटीने तोंडी सांगितलंय.

---

सोसायटी_सेक्रेटरी_नाना

तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही. अविवाहितांना जागा देऊ नये असं आदर्श उपविधीत कुठेही नाही. कमिटीकडे लेखी माग, बहुतेक वेळा देत नाहीत. तुला स्वतःला कोण हवं ते तू ठरव, पण नाव सोसायटीचं घेऊ नकोस.

---

मृणाल_करारवाली

११ नियमांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. ६, ७ आणि १० या कराराच्या अटी आहेत. त्या करारात जातात, तिथे त्यांना जोर असतो, म्हणून स्लाइडवर त्याच आधी याव्यात. ८ आणि ९ शेजारपणाच्या गोष्टी आहेत, "सोसायटीचे नियम" या एका ओळीत येतात. ५ वा नियम काढून टाका. पाहुणे किती वाजता जातात ते तुम्ही तपासायला येणार नाही, आणि जी अट तपासता येत नाही ती लिहिल्याने चांगला भाडेकरू मात्र दूर जातो.

खिळ्यांचं थोडं खोलात बघा. "खिळे नाहीत" लिहिलं तर तो टीव्ही कुठे लावणार, पडद्याचा रॉड कशावर बसणार? त्याऐवजी "टीव्ही आणि पडद्यांसाठी ड्रिल चालेल, बाकी विचारून, जाताना भोकं बुजवून द्यायची" असं लिहा. वाद टळतो आणि भिंतही राहते.

लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू आहे का, ते स्लाइडवर लिहा. "पहिले ६ महिने दोघांनाही सोडता येणार नाही, नंतर १ महिन्याची नोटीस" हे एक वाक्य पुरे. नुसतं "लॉक-इन ६ महिने" वाचून भाडेकरूला वाटतं, तो अडकणार आणि तुम्ही मोकळे.

---

गिरगावकर

शाकाहारीची अट ठेवायला काय हरकत आहे? घर मालकाचं आहे. आवड सांगितलेली बरी, नाहीतर वीस लोक बघून जातात आणि मग नाही म्हणायचं.

---

निलांबरी_जे

अट आणि आवड एकच नाहीत. आवड फोनवर सांगता येते. स्लाइडवर ठळक अक्षरात छापली की ती जाहीर बंदी होते.

---

मृणाल_करारवाली

यावर माझं मत गिरगावकरांच्या आणि निलांबरीच्या मधलं आहे. ठामपणे ठेवायचीच असेल तर पहिल्या स्लाइडवर नको, अटींच्या स्लाइडवर एका साध्या ओळीत लिहा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल. पण मनातून ठाम नसाल तर लिहू नका. स्लाइडवर "फक्त शाकाहारी" लिहून पुढे चांगला भाडेकरू आला म्हणून सूट देणारे खूप मालक आहेत, आणि तेवढ्यात दहा चांगले भाडेकरू स्लाइड वाचूनच गेलेले असतात.

---

सायबर_वसंत

शेवटच्या स्लाइडचं कोणीच बोललं नाही. पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबर आणि घरातल्या बाईचा मोबाइल, तिन्ही काढा. फ्लॅट रिकामा आहे हे तुम्ही पत्त्यासकट जाहीर करताय. "आनंदनगर मेट्रोपासून चालत ८ मिनिटं" पुरेसं आहे, लोकेशन भेटीची वेळ ठरल्यावर पाठवा.

नंबर एकच द्या. फोटोतल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंकही उघडत नाही. लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये ठेवा आणि स्लाइडवर "बायोमधल्या लिंकवरून मेसेज करा" असं लिहा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकाल तेव्हा लिंक मेसेजमध्ये थेट चालते. ती अशी लिहायची, ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह नाही, मध्ये रिकामी जागा नाही आणि पुढे शून्य नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Kothrud%202BHK
```

`text=` च्या पुढचा मजकूर समोरच्याच्या मेसेजमध्ये आपोआप येतो, त्यामुळे कोणत्या जाहिरातीवरून आला ते तुम्हाला कळतं.

आता फसवणुकीचं, जे मालकांच्या बाबतीत सर्रास होतं. फोन येतो, माणूस म्हणतो मी लष्करात किंवा निमलष्करी दलात आहे, पुण्यात बदली झालीय, घर फोटोवरूनच पसंत आहे, डिपॉझिट लगेच पाठवतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग म्हणतो, आमच्या खात्यातून पैसे "उलट" येतात, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. जो माणूस घर न बघता डिपॉझिट द्यायला तयार आहे, त्याच्याशी तिथेच बोलणं थांबवा.

उलटही होतं. तुमचे फोटो उचलून कोणी दुसरा "१८,००० मध्ये कोथरूड २ बीएचके" म्हणून टाकतो आणि लोकांकडून टोकन घेतो. म्हणून शमाताईंनी सांगितलेली नंबरची पट्टी फोटोच्या कडेला नको, थोडी फोटोवर चढलेली असू दे, म्हणजे सहज कापता येणार नाही. आणि फ्लॅट गेला की त्याच दिवशी पोस्ट काढा किंवा कॅप्शनच्या सुरुवातीला "दिला" लिहा.

---

प्रसाद_को

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंटेनन्सचं बिल काढून पाहिलं, सेवा शुल्काच्या रकान्यात १,५५० आहेत, म्हणजे १५५. कमिटीला पत्र देतोय. करारात भाडं ३०,५०० च टाकणार, खरेदीखतात कार्पेट ६४२ निघालं. आता ८ स्लाइड अशा:

१/८: हॉलचा फोटो. "२ बीएचके · कोथरूड, आनंदनगर मेट्रोपासून चालत ८ मिनिटं · महिन्याला एकूण ३०,५०० · १ तारखेपासून रिकामा".
२/८ ते ५/८: हॉल १० बाय १५, किचन, दोन्ही बेडरूम, दोन्ही बाथरूम आणि बाल्कनी, प्रत्येकावर माप.
६/८: कार्पेट ६४२, दुसरा मजला, लिफ्ट. नळाला २४ तास पाणी, टँकरचा खर्च मालकाचा. सोलर एका बाथरूमला, दुसऱ्यात १५ लिटरचा गीझर. पाइपगॅस. एक चारचाकी, एक दुचाकी, जागेचा फोटो सोबत.
७/८: ३०,५०० मेंटेनन्स धरून, वीज-गॅस मीटरप्रमाणे. डिपॉझिट १ लाख, चावी मिळाल्यापासून १५ दिवसांत परत. करारखर्च अर्धा-अर्धा. ११ महिने, नोंदणीकृत. पहिले ६ महिने दोघांनाही बंधन, नंतर १ महिन्याची नोटीस. भाडं ५ तारखेपर्यंत. ड्रिल टीव्ही-पडद्यांसाठी चालेल.
८/८: व्हॉट्सअॅपवर तीन गोष्टी कळवा: किती जण, कधीपासून, नोकरी किंवा व्यवसाय कुठे. भेट शनिवार-रविवार सकाळी १० ते १. एजंट नकोत. घर बघितल्याशिवाय टोकन घेतलं जात नाही.

"फक्त फॅमिली" काढलंय. शाकाहारीचं घरी अजून ठरत नाहीये.

---

भाडेकरू_रोहित

७/८ मध्ये रंगाचे पैसे दिसत नाहीत. कापणार नसाल तर "रंगाचे पैसे कापले जात नाहीत" असं लिहा. ते वाचून माणूस दोन हजार जास्त द्यायलाही तयार होतो.

---

मृणाल_करारवाली

आणि "१ तारखेपासून" च्या पुढे महिना लिहा. ही स्लाइड तीन महिन्यांनीही कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असेल. चावी देताना वीज आणि गॅस, दोन्ही मीटरच्या रीडिंगचे फोटो दोघांच्या व्हॉट्सअॅपवर टाका. शेवटची बिलं वजा करायची म्हणताय, तर कुठपासूनची ते त्या दिवशीच ठरलेलं बरं.

---

पौड_रोडवाला

शनिवारी ११ ला येऊ का? ३ जण, १ तारखेपासून, तिघेही हिंजवडीत नोकरीला. ३०,५०० चालेल.